हौशी कलाकारांची ऑडिशन : जाहिरात आणि प्रवेश कसा लिहावा

तुमच्या मंडळाच्या लघुपटासाठी कलाकार निवडायला आम्ही मदत करतो. त्याआधी दोन कागद तुमच्याकडून लागतात: जाहिरात आणि ऑडिशनचा प्रवेश.

जाहिरातीत भूमिकेचं वय ‘दिसायला २५ ते ३५’ असं द्या. खरं वय विचारून काही साधत नाही. शूटिंगच्या तारखा आणि मानधन आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. ते झाकलं की निवडलेली माणसं ऐनवेळी गळतात. ‘सोज्वळ, हळवी’ अशा विशेषणांनी मात्र कुणालाच काही कळत नाही. त्याऐवजी ‘सुमन : घरातल्या किल्ल्या हिच्याकडे असतात. भांडण टाळते, पण सहजासहजी ऐकत नाही’ असं लिहा.

प्रवेश दोन पात्रांचा, एका पानाच्या आत आणि मिनिटभराचा पुरे. रडारड, दारूची नशा, लांबलचक स्वगत नको. नवखा माणूस तिथे हमखास ओढूनताणून करतो. आम्ही वापरतो तो प्रवेश असा:

दादा : किल्ली दे.
सुमन : कसली?
दादा : कपाटाची.
सुमन : आईला विचारलंस?
दादा : झोपलीय ती.
सुमन : मग उठल्यावर घे.
दादा : सुमे, कागद मी कालच काढलेत. कपाट उघडंच आहे.
सुमन : मग किल्ली कशाला?
दादा : आई उठायच्या आत बंद करायला.

‘रागाने’, ‘दचकून’ अशा सूचना कंसात मुद्दाम दिलेल्या नाहीत. दिल्या की सगळेच एकसारखं दचकतात आणि निवड करायला काही उरत नाही.

खरी परीक्षा ‘कपाट उघडंच आहे’ या वाक्यानंतर असते. सुमन करणारी व्यक्ती ते ऐकते, की आपल्या वाक्याची पाळी आली म्हणून बोलते? पहिल्या वेळी काहीच सांगू नका. दुसऱ्या वेळी एवढंच सांगा: ‘दादाने कपाट उघडलंय, हे तुला सकाळपासून माहीत आहे.’ आता ‘कसली?’ हा शब्दसुद्धा वेगळा यायला हवा; तो प्रश्न उरतच नाही, ती त्याची परीक्षा घेतेय. दोन्ही वेळा तोच सूर, त्याच जागी तोच श्वास आला, तर घरी पाठ केलेलं आपल्यापुढे म्हणून दाखवलं जातंय. पहिल्यांदा अडखळलेली पण दुसऱ्यांदा बदललेली व्यक्ती आम्ही आधी निवडतो, कारण सेटवर दिग्दर्शकाला सूचनाच द्यायच्या असतात.

दादाची वाक्यं वाचणारा सगळ्यांसाठी एकच ठेवा. त्याने साधं वाचावं, अभिनय करू नये, आणि कॅमेऱ्याला अगदी लागून बसावं, म्हणजे उमेदवाराचे डोळे चित्रात दिसतात. कॅमेरा उमेदवाराच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, चौकट छातीपर्यंत. नाटकातून आलेल्यांचा आवाज सुरुवातीला मोठा लागतो. त्यावरून त्यांना बाद करू नका, ‘शेजारच्या खोलीत आई झोपलीय’ एवढी आठवण करून द्या.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि ऑडिशनला पालकांना सोबत बोलवा.