पाट, फूट आणि मूर्तीचा दर: कोकणातल्या गणपतीच्या शाळेची पार्श्वभूमी

कोकणात गणपतीची 'ऑर्डर' द्यायची म्हणजे गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळेत, पाट नेऊन द्यायचा. घरचा लाकडी पाट, त्यावर विडा-नारळ, आणि मूर्तिकाराला एवढेच सांगायचे की 'दरवर्षीसारखी'. पाटाची लांबी-रुंदी ठरलेली असल्याने मूर्तीची बैठक आपोआप ठरे आणि बैठकीवरून उंची. माप पाटातच असल्याने तोंडाने सांगायची गरज पडत नसे. मोबदला मूर्ती नेताना दिला जाई, कुठे धान्य-नारळात, कुठे पैशांत, आणि त्यात घासाघीस करणे बरे मानत नसत.

पाट साधारण नागपंचमीच्या सुमारास येत. हा काळ सोयीचा का होता, ते वाळवणीचा हिशेब मांडला की कळते. श्रावण शुद्ध पंचमी ते भाद्रपद शुद्ध चतुर्थी म्हणजे जवळजवळ 4 आठवडे. फूटभर मूर्ती घडवायला 2-3 दिवस, भर पावसाळ्यातल्या दमट हवेत सावलीत सुकायला 2 ते 3 आठवडे, रंग आणि डोळ्यांच्या आखणीला आठवडाभर. एवढ्यात काम जेमतेम बसते. नागपंचमीला जमीन खणायची नाही ही रीत असल्याने चिकण माती त्याआधीच, शक्यतो पाऊस सुरू होण्यापूर्वी, शेताच्या बांधावरून किंवा तळीकाठून काढून ठेवलेली असे. आजही घरी मूर्ती करणाऱ्याने माती मे महिन्यातच साठवावी. पावसात काढलेल्या मातीत पाणी किती आहे याचा अंदाज येत नाही, आणि त्यातला वाळूचा कण मूर्तीच्या गालावर येऊन बसतो.

पुढे गुजरातमधून येणारा शाडू सर्रास वापरात आला. तो करड्या-पांढऱ्या रंगाचा, बारीक आणि साच्यात छान बसणारा. स्थानिक लालसर मातीवर खडूचा पांढरा हात दिल्याशिवाय रंग उठत नाही, शाडूवर तो लवकर उठतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टर ऑफ पॅरिसने हे गणित बदलले. साच्यात ओतले की काही मिनिटांत घट्ट, वजन कमी, वाळवणीची धास्ती नाही. पेणच्या परिसरातून मूर्ती दूरवर जाऊ लागल्या, आणि ग्राहक पाट घेऊन येण्याऐवजी मांडलेल्या मूर्तींतून निवड करू लागला. निवडताना त्याला एकच आकडा विचारता येई: किती फूट?

दरातला सगळा गोंधळ या शब्दात साठलेला आहे. फूट कुठून कुठपर्यंत मोजायचा? काही शाळांत पाटाच्या वरून मुकुटाच्या टोकापर्यंत मोजतात, काही ठिकाणी मूर्तीखालची मातीची चौकी धरतात, काही जण मागची प्रभावळही उंचीत घालतात. चौकी 2 इंच आणि प्रभावळ मुकुटाच्या वर 2 इंच असेल, तर एकाच्या मते 12 इंचांची असलेली मूर्ती दुसऱ्याच्या मते 16 इंचांची होते. त्यात माती आटते. शाडू सुकताना साधारण 6 टक्के आटला, तर सुकी मूर्ती 12 इंच हवी असेल तेव्हा ओली मूर्ती पावणेतेरा इंचांची घडवावी लागते. हे न धरता दर ठरवला की नेताना ग्राहक टेप लावतो आणि सव्वाअकरा इंच भरते. माझ्या मते चौकीच्या वरून मुकुटाच्या टोकापर्यंत, सुकल्यावर, हेच माप खरे. प्रभावळ निराळी लिहावी, कारण ती कमी मातीत होते आणि उंचीचा आकडा उगीच फुगवते.

दुसरी चूक म्हणजे फुटावर सरळ दर लावणे. उंची दीडपट झाली की रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट होतो. भरीव मूर्तीत माती 3.4 पट लागते, आतून पोकळ ठेवून भिंतीची जाडी तेवढीच राखली तर सव्वादोनपट. मोठ्या मूर्तीची भिंत थोडी जाड ठेवावीच लागते, म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो. उलट डोळ्यांची आखणी 9 इंचांच्या मूर्तीलाही जवळपास तेवढाच वेळ खाते, किंबहुना हात जास्त स्थिर लागतो.

उदाहरणादाखल, 12 इंचांच्या मूर्तीला 2,000 रुपये धरू. त्यातले 800 आखणी आणि देखरेखीचे, म्हणजे उंचीने न बदलणारे; उरलेले 1,200 माती, घडण आणि रंगाचे, पृष्ठभागाप्रमाणे वाढणारे. मग 9 इंचांची मूर्ती 1,475 रुपयांना येते, 18 इंचांची 3,500 आणि 24 इंचांची 5,600. फुटाच्या सरळ दराने हेच अनुक्रमे 1,500, 3,000 आणि 4,000 झाले असते. लहान मूर्तीत फरक जाणवत नाही, म्हणून चूक कळतच नाही. दोन फुटांच्या मूर्तीत मात्र 1,600 रुपये घरातून जातात. शिवाय जाड भागांतले पाणी उशिरा निघते, त्यामुळे मान, सोंडेचे मूळ आणि मनगट इथे भेग पडण्याचा धोकाही मोठ्या मूर्तीतच जास्त. मातीत पिंजलेला कापूस किंवा बारीक कातरलेला काथ्या मळला तर भेगा आवरतात. मूर्ती सुकली की नाही हे वजनावरून ओळखावे: लागोपाठ दोन दिवस काट्यावर तोच आकडा आला तरच रंगाला हात घालावा. नुसते वरून कोरडे दिसले म्हणून रंगवले, की आतली ओल बाहेर येते आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

उंचीला सरकारी कागदावर महत्त्व आले ते अलीकडे. प्रदूषण नियंत्रणाच्या केंद्रीय यंत्रणेने 2010 मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि मे 2020 मध्ये ती कडक करून पीओपीला मनाई केली. पण तोवर मूर्ती तयार होत आल्या होत्या, साथही होती, आणि अंमल पुढे ढकलला गेला. त्याच वर्षी राज्याने घरगुती मूर्तीला 2 फुटांची आणि सार्वजनिक मूर्तीला 4 फुटांची मर्यादा घातली. 2025 च्या सुरुवातीला न्यायालयाने बंदी काटेकोर पाळायला सांगितले. जूनमध्ये पीओपी मूर्ती करायला आणि विकायला वाट मोकळी झाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. जुलैत 6 फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायचे ठरले. सहा महिन्यांत दोनदा दिशा बदलल्याचा फटका मातीत काम करणाऱ्याला बसला. बंदी धरून त्याने मे महिन्यात शाडूची पोती भरली होती, आणि जूनमध्ये बाजारात पुन्हा हलकी, स्वस्त मूर्ती समोर उभी राहिली.

म्हणूनच पाट आता लवकर मागितला जातो. चाकरमानी मे महिन्यात गावी असतात तेव्हाच पाट आणि आगाऊ रक्कम घेतली, तर माती किती आणायची ते ठरते. त्या वेळी घरच्या माटवीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीची, उंचीही विचारून घ्यावी. पाट, चौकी, मूर्ती आणि वर लोंबणारे नारळ-फळांचे घोस यांचा मेळ बसला पाहिजे, आणि मूर्ती एकदा मोठी केली की पुन्हा लहान करायची नाही असे अनेक घरांत मानतात. पावतीवर चार गोष्टी लिहिल्या की पुरे: सुकल्यावरची उंची कुठून कुठपर्यंत, माती शाडू की स्थानिक, रंग कोणते, आणि नेण्याचा दिवस.