सुरक्षा प्रश्न : निवड आणि उत्तरे

पासवर्ड विसरल्यावर खातेदाराची ओळख पटवण्यासाठी संकेतस्थळ जो आधीच ठरवून ठेवलेला प्रश्न विचारते, त्याला सुरक्षा प्रश्न म्हणतात. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना तो ‘हिंट क्वेश्चन’ म्हणून भेटतो. २०२१ मध्ये बदललेल्या जुन्या आयकर ई-फायलिंग संकेतस्थळावर ‘सिक्रेट क्वेश्चन’चे उत्तर देऊन पासवर्ड बदलता येत असे. आईचे माहेरचे आडनाव, जन्मगाव, पहिली शाळा, आवडता पदार्थ, पाळीव प्राण्याचे नाव हे नेहमीचे प्रश्न. बरोबर उत्तर देणाऱ्याला नवा पासवर्ड ठेवता येतो, म्हणजे हे उत्तर त्या खात्याचा दुसरा पासवर्डच असते. पहिला पासवर्ड वीस अक्षरांचा असला आणि दुसरा ‘मिसळ’ असला, तर खाते ‘मिसळ’इतकेच सुरक्षित राहते.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले अपयश सप्टेंबर २००८ मधले आहे. अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या याहू मेलमध्ये टेनेसीतल्या एका विद्यार्थ्याने पासवर्ड बदलून प्रवेश मिळवला. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागल्या : जन्मतारीख, पिनकोड आणि जोडीदाराची पहिली भेट कुठे झाली ते. जन्मतारीख विकिपीडियावर होती. पिनकोड त्या राहत असलेल्या अलास्कातल्या वसिला या छोट्या गावाचा असणार हे उघड होते. पतीशी ओळख शाळेच्या दिवसांतली, हे वृत्तपत्रांत येऊन गेले होते; शब्दरचना बदलून पाहता पाहता ‘वसिला हाय’ हे तिथल्या हायस्कूलचे नाव उत्तर म्हणून लागू पडले. या सगळ्यात संगणक फोडण्याचे कौशल्य कुठेही लागले नाही. तेव्हा अशी माहिती प्रसिद्ध व्यक्तींचीच उघड असे. आज ती बहुतेकांची उघड असते आणि ती त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या नातेवाइकांनी टाकलेली असते.

खरी उत्तरे कुठे सापडतात

मराठी कुटुंबांत नेहमीचे प्रश्न विशेष कच्चे ठरतात. आईचे माहेरचे आडनाव म्हणजे मामाचे आडनाव, आणि मामा लपून राहत नाही. लग्नपत्रिकेत आजोळकडची मंडळी नावानिशी छापलेली असतात. स्थळांसाठी फिरणाऱ्या बायोडाटात जन्मगाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण आणि मामाचे आडनाव एकाच पानावर असते, आणि ती पीडीएफ व्हॉट्सॲपवरून कुठवर पोचली याचा हिशोब कोणाकडेच नसतो. वडिलांचे नाव तर पूर्ण नावातच मधोमध असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नावही लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला, त्यामुळे पुढच्या पिढीचा ‘आईचे नाव काय’ हा प्रश्नही बाद समजावा.

एक काल्पनिक खाते घेऊ. खातेदार तरुणी सांगलीकडची, नोकरी पुण्यात. तिने तीन प्रश्न निवडून खरी उत्तरे दिली आहेत : आईचे माहेरचे आडनाव, पहिल्या शाळेचे नाव, आवडते शिक्षक. तिच्या वाढदिवसाच्या फोटोखाली एका गृहस्थाने ‘माझ्या लाडक्या भाचीला शुभाशीर्वाद’ लिहिले आहे. प्रोफाइलवरचे त्यांचे आडनाव हे पहिले उत्तर. दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या फोटोत मागे शाळेच्या नावाचा फलक आहे. ती शाळा पहिली नसेल, तरी त्याच संस्थेची प्राथमिक शाळा हा पुढचा अंदाज सोपा. तिसरे उत्तर तिने स्वतःच ५ सप्टेंबरला शिक्षकदिनाच्या पोस्टमध्ये लिहिले आहे. तिने स्वतःचे प्रोफाइल कुलूपबंद केले असते तरी मेळाव्याचा फोटो वर्गमित्राच्या उघड खात्यावर राहिलाच असता. जुन्या पोस्ट खोडत बसण्याचा मार्ग म्हणूनच अपुरा पडतो. खोडता येते ते फक्त आपले.

‘तुमची पहिली गाडी कोणती? पहिला सिनेमा? लहानपणचे लाडके नाव? लिहा आणि पुढच्या दहा जणांना टॅग करा’ या छापाचे खेळ तर प्रश्नावलीच भरून देतात. ते मुद्दाम फसवणुकीसाठी सुरू केलेले नसले, तरी उत्तरे उघड्यावर पडतात ती पडतातच.

समाजमाध्यमांवर काहीच न टाकणाऱ्याचीही पूर्ण सुटका नसते, कारण बऱ्याच प्रश्नांची संभाव्य उत्तरेच मोजकी असतात. गुगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्रजी भाषकांच्या ‘आवडता पदार्थ’ या प्रश्नाचे उत्तर एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता जवळजवळ २० टक्के होती. कोरियन भाषकांचे जन्मगाव दहा प्रयत्नांत ३९ टक्के वेळा ओळखता आले असते. आवडता रंग, आवडते फूल, आवडता देव यांची गत वेगळी असण्याचे कारण नाही. शिवाय जवळची माणसे उरतातच. २००९ च्या एका अभ्यासात, ज्यांना आपला पासवर्ड सांगायला सहभागी तयार नव्हते अशा ओळखीच्या लोकांनीच त्यांची १७ टक्के उत्तरे ओळखली होती.

उत्तर कसे ठरवावे

यावर उपाय चांगला प्रश्न शोधण्याचा नाही; उत्तराचा आयुष्याशी संबंध तोडण्याचा आहे. यादीतला कोणताही प्रश्न घ्यावा आणि त्याला असंबद्ध, यदृच्छेने निवडलेले उत्तर द्यावे. संकेतस्थळ उत्तराची सत्यता तपासत नाही. साठवलेली अक्षरे आणि टाकलेली अक्षरे जुळतात का एवढेच पाहते.

मनाने रचलेले खोटे उत्तर मात्र पुरत नाही. गुगलच्या त्याच अभ्यासात खोटी उत्तरे दिल्याचे कबूल करणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांनी ती ओळखायला अवघड जावीत म्हणून दिली होती. परिणाम उलटा झाला, कारण खोटे बोलतानाही माणसे एकसारखीच बोलतात. फोन नंबरसारख्या, प्रत्येकाचे वेगळे असायला हवे अशा उत्तरांतही तेच ते आकडे पुन्हा पुन्हा आढळले. सांगलीच्या जागी कोल्हापूर लिहिणे किंवा सगळ्या प्रश्नांना ‘माहीत नाही’ ठोकून देणे याच प्रकारात मोडते.

म्हणून निवड फाशांवर किंवा यंत्रावर सोपवावी. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत ७,७७६ इंग्रजी शब्द आहेत. फासा पाच वेळा टाकला की पाच आकडे मिळतात आणि त्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे तीन शब्द घेतले की संभाव्य जोडण्या सुमारे ४७ हजार कोटी होतात. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करणाऱ्या संकेतस्थळासाठी एवढे भरपूर आहे. कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन यांसारख्या, पासवर्ड जपून ठेवणाऱ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये शब्दांचा पासवर्ड बनवण्याची सोय असते, तीही चालते. शब्द पसंत पडले नाहीत म्हणून पुन्हा पुन्हा फासे टाकू नयेत. आपली पसंती शिरली की यदृच्छा संपली. मग वरच्या तरुणीचे ‘पहिली शाळा’चे उत्तर असे काहीतरी दिसेल :

```
gravel onion tumbler
```

हे अर्थात नमुन्याचे. जसेच्या तसे वापरू नये.

`x7Qp#9vL` असे अक्षरांचे कडबोळे का नको, याला कारण आहे. काही ठिकाणी हे उत्तर ग्राहकसेवेच्या फोनवर तोंडी विचारले जाते. समोरच्या कर्मचाऱ्याला पडद्यावर कडबोळे दिसते, आणि फसवणारा ‘मी तिथे काहीतरी अक्षरे दाबली होती’ एवढे म्हणून पुढे सरकू शकतो. तीन शब्द मात्र उच्चारावेच लागतात, आणि खऱ्या खातेदाराला ते वाचून दाखवायलाही सोपे जातात.

मराठी शब्द वापरायचे तर रोमन लिपीतल्या स्पेलिंगची अडचण येते. चाफा हा `chafa`, `chapha` की `chaafaa`, हे दोन वर्षांनी आठवत नाही, आणि संकेतस्थळाला ती तीन वेगळी उत्तरे वाटतात. देवनागरीत लिहिलेले उत्तर काही अर्ज स्वीकारतच नाहीत. सगळी अक्षरे लहान रोमन लिपीत ठेवावीत आणि शब्दांमध्ये जागा सोडायची की नाही हे एकदाच ठरवावे. उत्तराला अक्षरमर्यादा असेल तर शब्द जोडून लिहावेत किंवा दोनच घ्यावेत. मर्यादा न सांगता शेपूट कापणारे अर्जही असतात, म्हणून जतन केल्यावर पडद्यावर दिसत असेल तर उत्तर पूर्ण उमटले का ते पाहावे.

नोंद ठेवणे

यदृच्छ उत्तर लक्षात राहणार नाही, आणि राहावे अशी अपेक्षाही नाही. खरी उत्तरेही राहत नाहीत : गुगलच्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजी भाषकांपैकी ४० टक्के लोकांना गरजेच्या वेळी स्वतःचे उत्तर आठवले नव्हते. पासवर्ड मॅनेजरमध्ये त्या खात्याच्या नोंदीत प्रश्न शब्दशः आणि त्याखाली उत्तर लिहावे. प्रश्न न लिहिता नुसती तीन उत्तरे ठेवली की कोणते कशाचे हा घोळ हमखास होतो. मुख्य ईमेल आणि खुद्द पासवर्ड मॅनेजर ही खाती परत मिळवण्यासाठी लागणारी माहिती मात्र कागदावरही हवी. मॅनेजर उघडायला ईमेल लागतो आणि ईमेलचे उत्तर मॅनेजरमध्ये आहे, अशी गाठ बसली की दोन्ही खाती एकदम जातात. कागद घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेला बरा. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नये.

प्रत्येक खात्याला वेगळे उत्तर हवे. याहूमधून २०१३ मध्ये चोरीला गेलेल्या माहितीत सुरक्षा प्रश्न आणि उत्तरेही होती, त्यांतली काही तर सांकेतिक रूपात न बदलता तशीच साठवलेली. पासवर्ड बदलता येतो, पण आईचे माहेरचे आडनाव एकदा फुटले की ते ज्या ज्या खात्यावर दिले तिथे सगळीकडे फुटले.

स्वतःचा प्रश्न लिहिण्याची मुभा असेल तर प्रश्नात माहिती घालू नये. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबणाऱ्या कोणालाही तो दिसू शकतो. ‘एटीएमच्या पिनचे उलटे आकडे’ असा प्रश्न म्हणजे दोन खात्यांचा धोका. ‘दुसऱ्या नोंदीतले शब्द’ एवढा कोरडा प्रश्न पुरतो.

कुठे लागू नाही

बँकेच्या केवायसी अर्जात आईचे नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण विचारतात तेव्हा ती अधिकृत माहिती असते, सुरक्षा प्रश्न नव्हे. तिथे खरेच लिहायचे. हेल्पलाइनवर पुढे तेच पडताळले जाते. अर्जात ‘सिक्युरिटी क्वेश्चन’ किंवा ‘हिंट’ असा वेगळा रकाना असेल तरच वरची पद्धत वापरावी.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात अशा प्रश्नांना ओळख पटवण्याचे साधन म्हणून मान्यता दिलेली नाही. जिथे सुरक्षा प्रश्न बंद करून फोनवर दर थोड्या वेळाने नवा कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप किंवा छापून ठेवायचे रिकव्हरी कोड घेता येतात, तिथे ते घ्यावेत. ते घेतल्यावर जुना प्रश्न खरोखर निघाला का हे खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये पाहावे. अनेकदा तो मागे तसाच चालू राहतो. आपण न मागता ‘पासवर्ड बदलण्याची विनंती मिळाली’ असा मेल आला, तर मेलमधल्या दुव्याला हात न लावता संकेतस्थळ स्वतः उघडून आधी पासवर्ड आणि मग उत्तरे बदलावीत. बरीच संकेतस्थळे जुने उत्तर दाखवत नाहीत, नवे मात्र ठेवू देतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी काय लिहिले होते ते आठवण्याची गरज पडत नाही.