पुलीचा बाहेरचा डाया आणि पिच डाया: स्पिंडलचे आरपीएम चुकतात ते इथे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात असो, शिरोलीत असो की गोकुळ शिरगावात, नवीन स्पिंडलला पुली बसवायची वेळ आली की वर्नियर निघतो, मोटरच्या पुलीचा बाहेरचा डाया मोजला जातो, मोटरच्या आरपीएमने गुणला जातो आणि हव्या त्या आरपीएमने भागला जातो. जे उत्तर येतं त्या मापाची पुली टर्नर घेतो आणि मशीन चालू होतं. मग काम हळू का होतंय याचा शोध मोटरमध्ये, बेअरिंगमध्ये, बेल्टच्या ढिलेपणात, सगळीकडे घेतला जातो. वर्नियर कुठे लावला होता, एवढंच कोणी विचारत नाही.

सूत्र सगळ्यांना पाठ आहे. मोटरच्या पुलीचा डाया गुणिले मोटरचे आरपीएम हे स्पिंडलच्या पुलीचा डाया गुणिले स्पिंडलचे आरपीएम याच्याबरोबर. स्पिंडल हळू हवं तर त्याची पुली मोठी, जोरात हवं तर लहान. यात गोंधळ होत असेल तर एकच आठवायचं: मोठी पुली सावकाश फिरते. मोटरचे आरपीएम प्लेटवर वाचायचे. चार पोलच्या मोटरला १५०० धरून हिशोब करणारे अजून भेटतात. तो आकडा पन्नास सायकलच्या विजेचा आहे, भारावर चालणाऱ्या मोटरचा नाही. प्लेटवर १४४० लिहिलंय तर १४४० धरा. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

खरी अडचण सूत्रातल्या 'डाया' या शब्दात आहे. व्ही बेल्टच्या पुलीला दोन डाया असतात. बाहेरचा डाया, म्हणजे कडेवर वर्नियर लावून मिळतो तो. आणि पिच डाया, म्हणजे खाचेत बसलेल्या बेल्टच्या आतल्या दोऱ्या ज्या वर्तुळावर फिरतात तो. सूत्राला दुसरा लागतो, आणि आपण पहिला देतो.

जुना व्ही बेल्ट आडवा कापून पाहा. वरच्या भागात, पाठीपासून थोडं खाली, दोऱ्यांची एक ओळ दिसते. बेल्ट पुलीवर वाकतो तेव्हा पाठीकडचं रबर ताणलं जातं, खालचं दाबलं जातं, आणि दोऱ्यांची ओळ मात्र आपल्या लांबीत जशीच्या तशी राहते. ओढ सगळी त्या दोऱ्याच घेतात. म्हणून बेल्टचा वेग म्हणजे त्या दोऱ्यांचा वेग, आणि पुलीचा खरा डाया म्हणजे दोऱ्यांच्या वर्तुळाचा डाया. ए सेक्शनच्या नेहमीच्या खाचेत हे वर्तुळ कडेपासून ३.३ मिमी आत असतं, बी सेक्शनमध्ये ४.२ मिमी. दोन्ही बाजू मिळून ए सेक्शनचा पिच डाया बाहेरच्या डायापेक्षा ६.६ मिमीने कमी भरतो.

'दोन्ही पुल्यांत तेवढंच कमी होतं ना, मग गुणोत्तरात काय फरक पडणार?' हा प्रश्न नेहमी येतो आणि सगळा गोंधळ त्यातच आहे. दोन्हीकडून सारखंच कमी केलं की वजाबाकी बिघडत नाही, पण भागाकार बिघडतो. ८० मधून ६.६ गेले तर लहान पुलीचा बारावा हिस्सा गेला. २५६ मधून तेवढेच गेले तर मोठ्या पुलीला कळतही नाही. लहान पुली जास्त लहान होते आणि गुणोत्तर ताणलं जातं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. बिडाच्या हाऊसिंगमध्ये ५७ मिमीचं बोअर करायचं आहे. कार्बाइड टूलला मिनिटाला ८० मीटर धरले तर स्पिंडल ४५०च्या आसपास हवं. मोटर १४४०ची, तिच्यावर ए सेक्शनची पुली आहे, तिचा बाहेरचा डाया ८०. नेहमीच्या पद्धतीने ८० गुणिले १४४० भागिले ४५०, उत्तर २५६. टर्नरने बाहेरून २५६ची पुली घेतली. आता खरे डाया बघा. मोटरकडे ८० उणे ६.६, म्हणजे ७३.४. स्पिंडलकडे २५६ उणे ६.६, म्हणजे २४९.४. स्पिंडलचे आरपीएम १४४० गुणिले ७३.४ भागिले २४९.४, म्हणजे ४२४. बेल्टची एक-दोन टक्के घसर धरली तर ४१७च्या आसपास. फीड स्पिंडलवरूनच घेतलेलं असेल तर प्रत्येक नगाचा कापण्याचा वेळ तेवढ्याच प्रमाणात लांबतो, आणि नगावर पैसे मिळणाऱ्या शॉपला तो पाळीच्या शेवटी आकड्यात दिसतो. कोणी १५०० धरून बाहेरच्या डायाने हिशोब केला असेल तर पुली २६७ची निघते आणि भारावर स्पिंडल घसरीशिवायच ४०६वर येतं. दोन्ही चुका एकाच दिशेला ओढतात.

मोकळ्या मशीनवर टॅकोमीटर लावून 'बरोबर तर आहे' म्हणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. भार नसताना हीच मोटर १४९०च्या जवळ पळते, म्हणून वरच्या चुकीच्या जोडीवरही टॅको ४३८च्या आसपास दाखवतो. टूल लागल्यावर तो आकडा राहत नाही. मोजायचं तर कापताना मोजा.

वेग वाढवायचा असतो तेव्हा हीच चूक उलट दिशेला जाते, आणि तिथे मला तिची जास्त धास्ती वाटते. ग्राइंडिंग स्पिंडलला २८८०ची मोटर, तिच्यावर बाहेरून १६०ची पुली आणि स्पिंडलवर बाहेरून ८०ची, असं धरा. तोंडी हिशोब दुप्पट, म्हणजे ५७६०. खरा हिशोब १५३.४ भागिले ७३.४, म्हणजे घसर सोडता ६०२०च्या जवळ. चाकावर जास्तीत जास्त आरपीएम छापलेले असतात, आणि ५७६० चालतील म्हणून निवडलेलं चाक अडीचशेने वर फिरतं. चाकाच्या बाबतीत बाहेरचा डाया वापरणाऱ्याचं मी ऐकूनच घेत नाही.

ही सवय कुठून आली ते समजण्यासारखं आहे. सपाट पट्ट्यावर शॉप चालायचे तेव्हा पुलीला खाचच नव्हती. पट्टा पुलीच्या वर बसायचा, म्हणून खरा डाया पुलीच्या डायात पट्ट्याची एक जाडी मिळवून यायचा, आणि मोठ्या पुल्यांवर पातळ पट्ट्याची ती जाडी सोडली तरी चालायची. व्ही बेल्ट आला आणि खरी रेघ पुलीच्या बाहेरून आत गेली. सूत्र तेच राहिलं, मोजायची जागा बदलली.

पुली हातात असताना पिच डाया काढायला यंत्र लागत नाही. ए सेक्शनसाठी एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची बरोबर ११ मिमी रुंद पट्टी कापा, कोपरे चौकोनी ठेवा, लांबी समजा ३० मिमी. बी सेक्शनला रुंदी १४ मिमी. पट्टी उभी, तिची रुंदी खाचेला आडवी येईल अशी धरून सरळ खाली सोडा. तिचे खालचे दोन कोपरे दोन्ही भिंतींना टेकतात ती जागा म्हणजे पिच रेघ, कारण खाचेची रुंदी तिथे ११ असते. आता पट्टी कडेच्या वर किती उरली ते मोजा. २६.७ उरली तर ३.३ आत आहे, खाच नियमाप्रमाणे आहे. २५ उरली तर ती ५ मिमी आत गेली. म्हणजे टर्नरने खाच रुंद घेतली आहे किंवा ती झिजली आहे, आणि पिच डाया बाहेरच्या डायापेक्षा ६.६ने नाही, १० मिमीने कमी आहे.

झीज मोटरकडच्या लहान पुलीत आधी होते आणि तिथेच तिचा परिणाम मोठा. नवीन बेल्ट घातल्यावर त्याची पाठ कडेच्या बरोबरीला किंवा किंचित वर दिसली पाहिजे. पाठ खोल गेली असेल आणि खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर बेल्ट भिंतींवर न बसता तळावर बसलाय. तिथे पाचराची पकडच उरत नाही. अशी पुली हिशोबात घेऊ नका, बदला.

आता वरचंच काम नीट करू. पहिली गोष्ट, बाहेरून ८०ची पुली ए सेक्शनला मुळात लहान आहे. या सेक्शनला पिच डाया ७५च्या खाली नेऊ नये असा नियम आहे आणि ती ७३.४ भरते. तेवढ्या लहान पुलीवर वाकून वाकून बेल्टला लवकर चिरा पडतात. पिच ८०ची घ्या, जी बाहेरून ८६.६ भरेल. मग ८० गुणिले १४४० भागिले ४५०, म्हणजे स्पिंडलला पिच २५६. तयार पुल्यांत जवळचं माप पिच २५०. त्यावर ४६१ येतात, घसर वजा जाऊन ४५४. याहून जवळ जाण्यासाठी खास पुली टर्न करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

ती तयार पुली वर्नियरने २५६.६ भरते, हे मात्र विसरू नका. हिशोबात २५६ आले, पुलीही २५६ भरली, म्हणून समाधान मानणारे आहेत. तो योगायोग आहे. म्हणूनच ड्रॉइंगवर नुसतं 'पुली २५६' लिहिणं मला अजिबात चालत नाही. पिच २५०, बाहेरून २५६.६, ए सेक्शन, असं पूर्ण लिहा. टर्नरला बाहेरचा लागतो आणि हिशोबाला पिच, दोघांनाही आपापला आकडा समोर दिसू दे.

पुल्या आधीच बसलेल्या असतील आणि शंका असेल तर वीज बंद करून, मेन स्विच काढून, दोन्ही पुल्यांवर खडूची खूण करा. बेल्ट नीट ताणलेला असू दे. मोटर हाताने फिरवत स्पिंडलचे पूर्ण दहा फेरे होऊ द्या आणि मोटरचे मोजा. ४५०साठी ते ३२ यायला हवेत. बाहेरच्या डायावर काढलेल्या आपल्या जोडीत ते ३४ येतील. ३४ आले म्हणून मोठ्या पुलीची खाच खोल करायला जाऊ नका. तिचा पिच २३५वर आणायला प्रत्येक बाजूने सात मिलिमीटरच्या वर आत जावं लागेल आणि रिममध्ये सहसा तेवढं मटेरियल नसतं. मोटरची लहान पुली बदलून पिच ८०ची घाला, शाफ्टचं बोअर आणि चावी तेवढी जुळवून घ्या, आणि मोटर तिच्या पट्ट्यांवर थोडी स्पिंडलकडे सरकवून बेल्ट पुन्हा ताणा. मग दहा फेऱ्यांना मोटरचे ३१च्या थोडे वर येतील, आणि कापताना टॅको ४५०च्या वर दोन-पाच आकडे दाखवेल.