पाणी साठवायचं तर खोल की पसरट? धोलावीरा ते कोल्हापुरी बंधारा

कोरड्या भागात पाऊस कमी पडतो हे खरं, पण जुन्या लोकांची खरी डोकेदुखी होती पुढचे आठ-नऊ महिने. पाणी तर येतं, चार-सहा जोरदार पावसांत ओढे भरून वाहतात, मग ऑक्टोबर उजाडला की सगळं बंद, आणि जे अडवलंय ते जूनपर्यंत पुरवायचं. उन्हाने ते उडतं, जमिनीत मुरून जातं आणि तळ गाळाने भरत जातो. आपल्याकडचं तळं, पायऱ्यांची विहीर म्हणजे वाव, किंवा बंधारा बघताना मी आधी हेच शोधतो की इथल्या माणसांनी या तिघांपैकी कोणाचा बंदोबस्त केलाय.

धोलावीरापासून सुरू करू, कारण बंधारे, तलाव आणि पायऱ्या तिन्ही तिथे एकाच गावात सापडतात, तेही साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. कच्छच्या रणातलं खादिर बेट, वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, जमिनीखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. म्हणजे नुसती विहीर खणून भागायचं नाही, गोड पाणी पावसातूनच पकडायला लागणार. शहर वसवलं तेच मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे. ओढ्यांवर दगडी बांध घातले आणि अडलेलं पाणी वळवून तटबंदीच्या आतल्या तलावांच्या रांगेत नेलं. गावाची जमीनच उतरती आहे, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या भागात सुमारे १३ मीटरचा फरक, त्यामुळे पाणी आपोआप एका तलावातून पुढच्यात जायचं.

यातला पूर्वेकडचा तलाव बघा: ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि जवळपास साडेदहा मीटर खोल. भिंती सरळ उभ्या धरल्या तर दोन कोटी लिटरच्या वर पाणी मावतं. पण मला त्याची लांबी-रुंदी महत्त्वाची वाटत नाही, खोली वाटते. ऊन पाणी उडवतं ते पृष्ठभागावरून, त्यामुळे तलाव केवढाही असो, ठराविक उंचीचा थर जातो. कच्छसारख्या ठिकाणी पावसाळा संपल्यापासून पुढच्या जूनपर्यंत दीड ते दोन मीटरचा थर सहज उडून जातो. साडेदहा मीटर खोल तलावातून दोन मीटर गेले तरी वापरायला साडेआठ मीटर उरतात. तेच पाणी दोन मीटर खोल पसरट तळ्यात ठेवलं असतं तर पाचपट जागा लागली असती आणि उन्हाळा संपेपर्यंत वापरायला काहीच उरलं नसतं, सगळं सूर्यानेच प्यायलं असतं. आता एवढं खोल खणलं की पाणी खाली खाली जाणार, मग माणसं भरणार कशी? म्हणून तलावात उतरायला पायऱ्या. कमी होत जाणाऱ्या पाण्यामागे माणसाने खाली जात राहायचं, पायऱ्यांच्या विहिरींची सगळी कल्पना हीच.

वावेची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वावेत दिसणारं पाणी हे तिथे ओतून साठवलेलं नसतं, तो आजूबाजूच्या जमिनीतल्या पाण्याचा उघडा पडलेला भाग असतो. खरा साठा असतो भोवतालच्या वाळूत, मुरमात, तिथे ऊन पोचत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर पाणी वरच्या मजल्यापर्यंत येतं आणि मे महिन्यात कित्येक मीटर खाली जातं, आणि वरून उतरणारा जिना दोन्ही वेळेला कामाला येतो.

गुजरातमधल्या पाटणची राणी की वाव, अकराव्या शतकातली, सोळंकी राणी उदयमतीने बांधवलेली, सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल. लोक मूर्ती बघत बसतात, आणि बघाव्याच अशा आहेत, पण जिना उतरताना अधूनमधून खांबांचे मजल्यावर मजले रचलेले मंडप लागतात तिथे जरा थांबा. ही जमीन सरस्वती नदीने आणून टाकलेल्या गाळा-वाळूची आहे. अशा मातीत २७ मीटर खोल चर खणला तर दोन्ही बाजू आत ढासळणारच, पाणी भरलं-ओसरलं की जास्तच. हे मंडप दोन्ही बाजूंच्या भिंतींना आडवा टेका देऊन उभे आहेत, सजावट त्यांच्यावर नंतरची.

याच पाटणला सिद्धराज जयसिंहाने सहस्रलिंग तलाव बांधला, त्यात सरस्वतीचं पाणी कालव्याने यायचं. पण ते थेट तलावात सोडलेलं नव्हतं, आधी एका मोठ्या कुंडात घ्यायचे. वाहतं पाणी रुंद जागेत आलं की त्याचा वेग पडतो, वेग पडला की माती खाली बसते आणि वरचं नितळ पाणी पुढे तलावात जातं. एक कुंड उपसणं सोपं, अख्खा तलाव उपसणं अवघड, एवढा साधा हिशोब आहे. गाळाची ताकद किती ते त्याच गावात दिसतं, राणी की वाव पुढे सरस्वतीच्या पुरांच्या गाळाने जवळजवळ पूर्ण बुजली होती, विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने ती उकरून काढली.

आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्यात गाळावर वेगळाच तोडगा आहे आणि तो मला फार आवडतो. नदीत खांब उभे करायचे, खांबांना खाचा, त्या खाचांत बरगे म्हणजे लाकडी फळ्या दोन ओळींत बसवायच्या आणि मधे माती ठासायची (आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी प्लेटा असतात). पावसाळा सरत आला, नदी शांत झाली की बरगे घालायचे, पूर यायच्या आधी काढून ठेवायचे. पुराचं गढूळ पाणी गाळासकट मोकळं निघून जातं, अडतं ते शेवटचं स्वच्छ पाणी. पण यात सगळा खेळ तारखांचा आहे. बरगे उशिरा घातले तर पाणी निघून गेलेलं असतं आणि वेळेत काढले नाहीत तर पुराचं पाणी बाजूने वाट काढून काठच खाऊन टाकतं.

ओढ्यावरच्या पक्क्या सिमेंट बंधाऱ्याला ही सोय नसते. त्याचं मुख्य काम पाणी दिसत ठेवणं नाहीच, ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना देणं आहे, म्हणजे तलावात जे मुरणं नुकसान तेच इथे कमाई. दरवर्षी तळावर बारीक गाळाचा थर बसतो, मुरण्याच्या वाटा बंद होतात आणि बंधारा बाहेरून भरलेला, छान दिसतो पण विहिरींना काही मिळत नाही.

हे ओळखायला मशीन लागत नाही. ओढा वाहायचा थांबला की पाण्यात खुणा केलेली एक काठी रोवा आणि दहा दिवस रीडिंग घ्या, मधे पाऊस नको, कोणी मोटर लावलेली नको, बांधाला गळती नको. समजा नोव्हेंबर आहे, या दिवसांत ऊन रोज ढोबळमानाने चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं, म्हणजे दहा दिवसांत चार-पाच सेंटिमीटर. काठीवर पाणी २५ सेंटिमीटर उतरलेलं दिसलं तर २० सेंटिमीटर जमिनीत गेलं, बंधारा काम करतोय. पाच-सहाच सेंटिमीटर उतरलं तर तळ बंद झालाय. मग उन्हाळ्यात बंधारा कोरडा पडला की तो गाळ काढून शेतात पसरायचा, खाली मुरूम लागला की थांबायचं, आणि पुढच्या नोव्हेंबरला काठी परत त्याच जागी रोवून दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून बघायचे.