विलानेल आणि सीमाभागातलं पालुपद

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या कविसंमेलनांत लिमरिक आता नवं राहिलेलं नाही. पाच ओळी, पहिली, दुसरी आणि पाचवी एका यमकात, मधल्या दोन आखूड ओळी दुसऱ्या. त्यावर कुणी भांडत नाही. वाद होतो विलानेलवर, म्हणजे तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचं एक अशा, दोन पालुपदं आलटून पालटून येणाऱ्या कवितेवर, आणि तोही एकाच गोष्टीवर: पालुपदाची ओळ जशीच्या तशी यायला हवी, की थोडी बदलली तरी चालते?

नियमाचा आग्रह धरणारे 'शेकडो वर्षांची परंपरा' पुढे करतात. ती परंपरा वाटते तितकी जुनी नाही. सोळाव्या शतकात हे नाव गावरान धाटणीच्या गाण्यांना मिळत असे आणि त्यांची रचना ठरलेली नव्हती. 1606 साली, कवीच्या मृत्यूनंतर, हरवलेल्या होला पक्ष्यावरची एक फ्रेंच कविता छापली गेली. तिच्यात दोन पालुपदं आलटून पालटून येतात. एकोणिसाव्या शतकातल्या छंदपुस्तकांनी तिलाच नमुना मानलं. 1872 च्या एका पुस्तकामुळे तो साचा घट्ट झाला आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजीत उतरला. म्हणजे ज्याला आपण प्राचीन साचा म्हणतो, तो मुळात एका कवितेचा सांगाडा आहे.

पुढे इंग्रजी कवींनीच तो सैल केला. 1976 च्या एका गाजलेल्या विलानेलमध्ये दुसरं पालुपद दर वेळी नव्या शब्दांत येतं, शेवटचा शब्द तेवढा कायम राहतो.

मराठीत अडचण वेगळ्या ठिकाणी येते. अभंगाचं ध्रुपद आपल्या कानात असतं, पण ते कडव्याबाहेर राहतं; टाळकरी ते उचलतात आणि कडवं पुढे सरकतं. विलानेलचं पालुपद कडव्याच्या आतच बसतं आणि तिथलं यमकही त्यालाच सांभाळावं लागतं. एकोणीस ओळींत दोन्ही पालुपदं मिळून आठ ओळी खातात. उरलेल्या अकरांपैकी पाच पालुपदाच्या यमकात लागतात आणि सहा दुसऱ्या. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून नुसत्या '-ली'वर यमक साधलं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्यामागचा स्वर आणि व्यंजनही जुळायला हवं.

असं समजा, दोन पालुपदं ही घेतली:

पाटीवरची दोन अक्षरं कुणीतरी खोडली
शेताकडची वाट आम्ही नाही सोडली

इथे सात वेगवेगळे शब्द लागतात आणि मिळतातही जेमतेम तेवढेच: खोडली, सोडली, तोडली, जोडली, मोडली, फोडली, झोडली. ते आधी समासात लिहून ठेवावेत, नाहीतर पाचव्या कडव्यात 'ओढली' शिरतं आणि कान लगेच अडखळतो. दुसरा फास लिंगाचा आहे. या यमकात 'आजोबा' थेट कर्ता म्हणून येऊ शकत नाहीत, या क्रियापदांचं लिंग भूतकाळात कर्त्यावरून नाही, कर्मावरून ठरतं. वाट एकच: 'आजोबांनी' म्हणायचं आणि क्रियापद कर्माच्या ताब्यात द्यायचं.

पाटीवरची दोन अक्षरं कुणीतरी खोडली,
मास्तरांनी मुलांना तो अर्थ विचारला,
शेताकडची वाट आम्ही नाही सोडली.

आजोबांनी बांधावरची बाभळ तोडली,
तलाठ्याने उताऱ्यावर शिक्का मारला,
पाटीवरची दोन अक्षरं कुणीतरी खोडली.

खरी अडचण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी दिसते. उताऱ्यावर शिक्का पडल्यावर पुन्हा पाटीच का? काही जण इथे 'उताऱ्यावरची दोन अक्षरं' असा बदल करतील. त्यामुळे गोष्ट पाटीवरून सातबाऱ्यासारख्या कागदावर जाते, यमकही शाबूत राहतं. कडक बाजू म्हणेल, शब्द हलवू नका, आधीच्या दोन ओळी अशा लिहा की तीच ओळ वेगळी ऐकू येईल. कागदावर मला ही बाजू जास्त पटते.

पण सीमाभागात कविता मंचावर ऐकली जाते. 1956 पासून इथल्या कानांवर '...झालाच पाहिजे' हे इतक्या वेळा पडलंय की 'नाही सोडली' दुसऱ्यांदा आली की लोक टाळ्या धरतात आणि चौथ्यांदा ती घोषणाच होते. मधल्या ओळी, ज्यांत तलाठी, बाभळ, मास्तर आहेत, त्या ऐकूच येत नाहीत. म्हणून इथे दुसऱ्या पालुपदात एखादा शब्द हलवणं मला मान्य आहे: 'शेताकडची वाट तिनं नाही सोडली', एकदाच, पाचव्या नव्हे तर तिसऱ्या कडव्यात. तिथे श्रोता अजून टाळी धरून बसलेला नसतो, आणि 'ती' कोण हे विचारायला थांबतो.

शेवटच्या चार ओळींत मात्र दोन्ही पालुपदं मूळ रूपात शेजारी येतात. म्हणून लिहिताना सुरुवात तिथूनच करावी. ती दोन वाक्यं एकमेकांशेजारी उभी राहत नसतील, तर पहिलं कडवं लिहायला घेऊ नये.