चकलीची लॉट-तपासणी यादी

विक्रीसाठी चकली करणाऱ्या घरगुती उद्योगात आणि बचत गटांत, प्रत्येक वेळचा माल सारखा उतरावा म्हणून ठेवलेली कामाच्या क्रमाने जाणारी लेखी तपासणी. पाककृती काय करायचे ते सांगते. ही यादी या खेपेला नेमके काय झाले ते नोंदवते आणि पुढे जायचे की थांबायचे ते ठरवते.

पहिला प्रश्न लॉट कशाला म्हणायचे हा असतो. एका घाण्याला स्वतंत्र क्रमांक देणे जिकिरीचे होते आणि पूर्ण दिवसाला एकच क्रमांक दिला तर दोष शोधता येत नाही. सोयीचे एकक म्हणजे एका दळणाच्या भाजणीची एकदा काढलेली उकड व तिच्यातून तळलेले सगळे घाणे. तिसऱ्या दळणाची दुसरी उकड असेल तर ‘द३-उ२’ एवढे पुरते. बंद पाकिटावर लॉट क्रमांक छापणे कायद्यानेही लागते, तेव्हा हाच क्रमांक तिथे चालतो.

बहुतेक फरक वाटीतून येतो. भाजणीची वाटी सपाट भरली की दाबून, यावर पिठाचे वजन बरेच बदलते, आणि ‘वाटीला वाटी पाणी’ हे प्रमाण तिथेच ढळते. त्यामुळे यादीत भाजणी, पाणी, मोहन, मीठ आणि तिखट ही सारी वजनात लिहितात. जिच्या हाताला अंदाज पक्का बसला आहे तिने आपली नेहमीची वाटी एकदा काट्यावर मोजावी आणि तो आकडा यादीच्या माथ्यावर लिहावा. हात तिचाच राहतो, पण दुसरीलाही तो वापरता येतो.

पुढचा टप्पा सोऱ्याचा. उकड मळून झाल्यावर एकच चकली पाडून बघतात. पाडताना ती तुटत असेल किंवा काटे फाटत असतील तर पीठ कोरडे आहे. कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. काटे उमटतच नसतील तर पीठ सैल आहे. मग ही चकली तळतात. ती तेलात विरून तुकडे झाले तर बहुधा मोहन जास्त झाले आहे आणि थोडी कोरडी भाजणी घालून मळावे लागते. तळून निघाली पण दाताला दगडासारखी लागली, तर मोहन कमी पडल्याचा संशय घ्यावा. मीठही याच चकलीवर ठरते, मात्र गरम असताना नव्हे, गार झाल्यावर. ही परीक्षा सगळ्या यादीत सर्वांत किमती आहे, कारण इथपर्यंत चूक दुरुस्त करता येते.

तळणीत रंगावर विसंबणे धोक्याचे असते. तेल फार तापले की बाहेरून रंग लवकर चढतो आणि आत ओल राहते. खात्रीची खूण बुडबुड्यांची: चकलीतले पाणी वाफ होऊन निघते तोवर ते जोरात येतात, आणि ओल संपत आली की मंदावतात. म्हणून यादीत घाणा टाकल्याची वेळ, काढल्याची वेळ आणि ‘बुडबुडे शमले का’ असे तीन रकाने असतात. तेल फेसाळू लागले, काळवंडले किंवा कमी आचेवर धुरकटू लागले की ते बदलल्याची नोंद होते.

समजा, द३-उ२ मधल्या चकल्या तिसऱ्या दिवशी मऊ पडल्याची तक्रार आली आणि उ१ मधल्या खुसखुशीत आहेत. भाजणी एकाच दळणाची, मोहन आणि पाणी वजनाने सारखे. म्हणजे दोष पिठाचा नाही. घाण्यांचा वेळ पाहिला तर उ१ मध्ये ७ मिनिटे, उ२ मध्ये ४, आणि बुडबुड्यांचा रकाना रिकामा. संध्याकाळी घाईत आच वाढवली गेली, हे कुणी कबूल करण्याआधीच कागदावर दिसते. दोन्ही उकडींच्या वेळा सारख्या असत्या तर पुढे पाकीटबंदीकडे बघितले असते: पूर्ण गार होण्याआधी भरलेल्या पाकिटात वाफ जिरते आणि नीट तळलेली चकलीही मऊ होते.

यादीला मर्यादा आहे. तेलाचा खवट वास भरण्याच्या दिवशी येत नाही, आठवड्यांनी येतो. त्यासाठी प्रत्येक लॉटचे एक पाकीट विक्रीच्याच पिशवीत, घरातल्या साध्या फडताळात ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी फोडून वास व खुसखुशीतपणा नोंदवतात. फ्रीजमध्ये ठेवलेला नमुना गिऱ्हाइकाच्या घरची स्थिती दाखवत नाही. पाकिटावरची ‘पर्यंत उत्तम’ तारीख अशा नमुन्यांवरून ठरवलेली असली तरच तिला अर्थ असतो. शेजारच्या ब्रँडवरून उचललेली तारीख त्यांच्या तेलाची आणि पिशवीची असते.