कला वेग व गट वेग (काचेतील प्रकाशस्पंदाचे)

काचेसारख्या माध्यमात अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलतो. या गुणधर्माला अपस्करण म्हणतात. अशा माध्यमातून प्रकाशाचा अल्पकालीन स्पंद जातो तेव्हा त्याला एकच वेग नसतो. स्पंदातील तरंगांचे शिखर ज्या वेगाने सरकते तो कला वेग, आणि या शिखरांना वेढणारे आवरण, म्हणजे स्पंदाचा उठाव, ज्या वेगाने सरकतो तो गट वेग. निर्वातात दोन्ही सारखेच असतात. पारदर्शक काचेत दृश्य व निकटच्या अवरक्त प्रकाशासाठी गट वेग नेहमी कला वेगापेक्षा कमी असतो.

हे का घडते ते दोनच तरंग घेऊन पाहता येते. किंचित वेगळ्या तरंगलांबीचे दोन तरंग एकाच दिशेने जात आहेत. जिथे त्यांची शिखरे एकमेकांवर येतात तिथे प्रकाश सर्वांत तीव्र असतो. तेच आवरणाचे टोक. काचेत लांब तरंगलांबीचा तरंग वेगवान असतो, म्हणून त्याचे शिखर थोड्याच वेळात पुढे निसटते व जुळलेली जोडी फुटते. आता तिच्या लगेच मागची जोडी पाहावी. लांब तरंगाची शिखरे एकमेकांपासून जास्त अंतरावर असल्याने या मागच्या जोडीत त्याचे शिखर दुसऱ्याच्या मागे होते. ते आता पुढच्याला गाठते आणि जुळणीची जागा तिथे जाते. म्हणजे शिखरे पुढे धावत असताना जुळणीची जागा प्रत्येक वेळी एकेक शिखर मागे घसरते. खऱ्या स्पंदात असंख्य तरंग असतात, तरी हिशेब हाच. शिखरे स्पंदाच्या शेपटीकडे उगवतात, आवरणातून पुढे सरकतात आणि अग्रभागी विरून जातात.

सूत्ररूपाने,

v_p = c / n
v_g = c / n_g,  n_g = n − λ (dn/dλ)

येथे v_p हा कला वेग, v_g हा गट वेग, c हा निर्वातातील प्रकाशवेग, n हा अपवर्तनांक व λ ही निर्वातातील तरंगलांबी आहे. काचेतील आखूड झालेली तरंगलांबी घालून हे सूत्र वापरणे ही वारंवार आढळणारी चूक होय. n_g ला गट अपवर्तनांक म्हणतात. तरंगलांबी वाढली की काचेचा n घटतो, म्हणून dn/dλ हा उतार ऋण असतो व n_g हा n पेक्षा मोठा येतो.

बीके7 ही सर्वत्र वापरली जाणारी प्रकाशीय काच उदाहरणादाखल घेऊ. 800 नॅनोमीटरला तिचा n 1.5108 आहे आणि उतार दर मायक्रोमीटरला सुमारे −0.0198. त्यावरून n_g 1.5267 येतो. कला वेग सेकंदाला सुमारे 1,98,400 किमी., तर गट वेग सुमारे 1,96,400 किमी. फरक जेमतेम एक टक्क्याचा. पण 10 मिमी. जाडीची काच ओलांडताना आवरण शिखरांच्या तुलनेत सुमारे 530 फेम्टोसेकंद मागे पडते. या प्रकाशाचे एक आवर्तन 2.67 फेम्टोसेकंदांत पुरे होते. तेव्हा एक सेंटीमीटर काचेत जवळपास 200 शिखरे आवरणातून पुढे निघून गेलेली असतात. दर 50 मायक्रोमीटरला एक. अतिलघू स्पंदांच्या प्रयोगांत आवरणाच्या टोकाशी शिखर नेमके कुठे बसते याला महत्त्व असते, आणि ते बसवण्यासाठी पातळ पाचरीच्या आकाराची काच किरणमार्गात किंचित आतबाहेर सरकवतात, ती याच आधारावर.

संकल्पनेच्या उगमाबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी 1839 मध्ये रॉयल आयरिश अकॅडमीपुढे मांडलेल्या विवेचनात दोन वेगांमधला भेद आढळतो, पण ते विवेचन दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. जॉर्ज स्टोक्स यांनी 1876 मध्ये केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिक परीक्षेत यावर प्रश्न घातला, व लगेच पुढच्या काळात लॉर्ड रॅली यांनी विषय पद्धतशीर मांडला. अग्रक्रम हॅमिल्टन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र भौतिकीत संकल्पना रुळली ती स्टोक्स व रॅली यांच्यामुळे.

प्रकाशाच्या बाबतीत भेद प्रयोगाने उघड झाला तो काचेत नव्हे, द्रवात. आल्बर्ट मायकेलसन यांनी साधारण 1883 ते 1885 या दरम्यान फिरत्या आरशाच्या पद्धतीने कार्बन डायसल्फाइडमधील वेग मोजला. हवेतील व द्रवातील वेगांचे गुणोत्तर सुमारे 1.76 आले, तर द्रवाचा अपवर्तनांक सुमारे 1.64 होता. मापनातील त्रुटी म्हणून सोडून द्यावी इतकी ही तफावत लहान नव्हती. यातून वाद उपस्थित झाला: फिरता आरसा मोजतो तरी काय? प्रकाशवेग मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीतले दातेरी चाक प्रकाशाचे तुकडे पाडते, त्यामुळे ते गट वेग मोजते हे रॅली यांनी 1881 मध्येच म्हटले होते. आरसा मात्र तरंगाग्राची दिशा बदलत राहतो. फिरणाऱ्या आरशाच्या दोन कडांवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित वेगळी होते, व अपस्करणशील माध्यमात असे तरंगाग्र वाटेत तिरके होत जाते. हा परिणाम कसा धरायचा यावर रॅली व आर्थर शूस्टर यांची उत्तरे वेगवेगळी आली. जोसाया विलर्ड गिब्ज यांनी 1886 मध्ये दाखवले, की सगळा हिशेब नीट मांडला तर आरशाच्या पद्धतीतूनही गट वेगच मिळतो. मायकेलसन यांचा आकडा कार्बन डायसल्फाइडच्या गट अपवर्तनांकाशी बराच जुळतो, म्हणून गिब्ज यांचे मत ग्राह्य मानणे योग्य ठरते.

काचेसाठी दोन्ही राशी एकाच उपकरणात वेगळ्या ओळखता येतात. रुंद वर्णपटाचा प्रकाश वापरून मायकेलसन व्यतिकरणमापकाच्या एका भुजेत वरील 10 मिमी.ची काच ठेवली, की व्यतिकरणाचे पट्टे हरवतात. ते पुन्हा सर्वांत ठळक दिसावेत म्हणून दुसऱ्या भुजेतील आरसा मागे न्यावा लागतो. हे अंतर n−1 वरून काढले तर 5.108 मिमी. येते, प्रत्यक्षात पट्टे ठळक होतात ते 5.267 मिमी.ला, म्हणजे n_g−1 ने सांगितलेल्या जागी. पट्ट्यांचा ठळकपणा आवरणाचा विलंब सांगतो, तर पट्ट्यांची मोजणी शिखरांचा. लोलकातून किरण किती वळेल हे मात्र n वरच ठरते. कोन मोजून काढलेला अपवर्तनांक वेळेच्या गणितात तसाच घातला, तर उत्तर चुकते.

गट वेग स्वतःही तरंगलांबीनुसार बदलतो, त्यामुळे स्पंद पसरतो. बीके7 साठी 800 नॅनोमीटरला हा परिणाम दर मिलिमीटरला सुमारे 45 चौरस फेम्टोसेकंद आहे. त्याच 10 मिमी. काचेतून 100 फेम्टोसेकंदांचा स्पंद जवळजवळ जसाच्या तसा निघतो, 30 चा सुमारे 51 होतो आणि 10 चा तब्बल 124. स्पंद जितका आखूड तितका त्याचा वर्णपट रुंद, आणि एकच गट वेग सांगून भागत नाही. शुद्ध सिलिका काचेत सुमारे 1.27 मायक्रोमीटरला हा पसरण्याचा गुणांक शून्य होतो. तिथे कला वेग व गट वेग समान होतात असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. त्या ठिकाणी n_g किमान असतो, म्हणजे गट वेग कमाल असतो, पण कला वेगापेक्षा तो कमीच राहतो.

शोषणपट्ट्याच्या आत अपवर्तनांकाचा उतार उलटतो आणि सूत्रातून गट वेग c पेक्षाही जास्त निघू शकतो. आर्नोल्ड झोमरफेल्ड व लेआँ ब्रील्वँ यांनी 1914 मध्ये सिद्ध केले, की अशाही माध्यमात संकेताचा अग्रबिंदू c पेक्षा वेगाने जात नाही. तिथे स्पंदाचा आकार इतका बिघडतो, की आवरणाच्या टोकाचा वेग ऊर्जेचा वेग म्हणून धरता येत नाही.